सभागृहाची पावती : भाडे, आगाऊ आणि अनामत

आपल्या एका धर्मग्रामातील महिला मंडळाने शिबिरासाठी एका प्रशिक्षण संस्थेचे सभागृह आरक्षित केले होते. मंडळाच्या चाळीस भगिनींनी प्रत्येकी १५० रुपये काढले आणि ६,००० रुपये संस्थेच्या कार्यालयात भरले. पावती मिळाली. तिच्यावर एवढेच लिहिलेले होते : ‘सभागृहापोटी रु. ६,००० मिळाले.’ शिबिराला नऊ दिवस उरले असताना मार्गदर्शक आजारी पडले, शिबिर रद्द करावे लागले आणि मंडळाच्या अध्यक्षा पैसे परत मागावयास गेल्या. कार्यालयातील भिंतीवर नियमांचा फलक होता. त्यावर ‘पंधरा दिवसांच्या आत आरक्षण रद्द केल्यास ५० टक्के रक्कम कापली जाईल’ असे छापलेले होते. लिपिकाने ६,००० रुपयांचे निम्मे करून ३,००० रुपये पुढे केले. अध्यक्षांचे म्हणणे वेगळे होते. “भाऊ, यातले तीन हजार तर अनामत होते ना? ते पूर्ण परत यायला हवेत. राहिले तीन हजार आगाऊ भाड्याचे, त्यातले निम्मे तुम्ही कापा. आमचे साडेचार हजार निघतात.” लिपिक म्हणाले, “सिस्टर भरताना होत्या, त्यांना विचारावे लागेल.” सिस्टर दरम्यान दुसऱ्या धर्मप्रांतात बदलून गेल्या होत्या.

प्रकरण आमच्यापर्यंत आले ते तक्रारीच्या पत्राच्या रूपाने. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, हे आम्ही प्रारंभीच नमूद करतो. दीड हजार रुपयांचा प्रश्न होता. पण चाळीस घरांतून आलेल्या पैशांचा हिशेब द्यायचा असतो तेव्हा दीड हजार लहान नसतात. मंडळातील दोन भगिनींनी त्यानंतर वर्गणी देणे थांबविले, असे त्या पत्रात लिहिले होते. या निमित्ताने संस्थेच्या सभागृहाच्या आरक्षणाचे नियम कसे असावेत, त्यामागे कोणता कायदा आहे आणि अर्ज भरणाऱ्याने काय पाहावे, याची माहिती येथे देत आहोत. आपल्या धर्मग्रामांतील संघटना वर्षातून अनेकदा अशा सभागृहांचा वापर करतात, आणि अशी सभागृहे चालविणारेही आपलेच असतात.

प्रथम हे सांगावयास हवे की सभागृह ‘भाड्याने’ घेतले असे आपण म्हणतो, तरी त्या दिवसापुरते आपण भाडेकरू होत नाही. १८८२ च्या भारतीय सुखाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये ‘अनुज्ञप्ती’ची व्याख्या आहे : दुसऱ्याच्या जागेत एखादी गोष्ट करण्याची परवानगी, जी नसती तर ते कृत्य बेकायदेशीर ठरले असते, मात्र जागेत कोणताही हक्क त्यामुळे निर्माण होत नाही. सभागृहाचे आरक्षण म्हणजे अशी परवानगी होय. म्हणूनच परवानगी कशासाठी, किती वेळ आणि किती माणसांसाठी, हे अर्जावर लिहिणे आवश्यक असते. शिबिरासाठी घेतलेल्या सभागृहात सायंकाळी वाढदिवसाचा कार्यक्रम उरकून घेणे ही किरकोळ सोय वाटते. वास्तविक ती दिलेल्या परवानगीच्या बाहेरची गोष्ट आहे.

आता पैशांकडे वळू. सभागृहासाठी आपण जी रक्कम भरतो ती एक नसते, तीन असतात. पहिली भाड्याची : ती सभागृह वापरल्याबद्दल. दुसरी आगाऊ रक्कम : हा भाड्याचाच एक भाग असून तारीख राखून ठेवण्यासाठी आधी दिलेला असतो. तिसरी अनामत : ही भाड्याचा भाग नाही, ती नुकसानीच्या शक्यतेपोटी संस्थेकडे ठेवलेली आपलीच रक्कम असते. आरक्षण रद्द झाले तर प्रश्न आगाऊ रकमेचा येतो, अनामतीचा येत नाही. खुर्ची मोडली तर प्रश्न अनामतीचा येतो, आगाऊ रकमेचा नाही. वरील प्रकरणात पावतीवर एकच ओळ होती, म्हणून दोन वेगळे प्रश्न एकाच रकमेवर येऊन आदळले.

भाड्यात काय समाविष्ट आहे, हे पहिल्यांदा विचारावे. दीडशे आसनांच्या साध्या सभागृहाचे दर सामान्यतः अर्ध्या दिवसासाठी व पूर्ण दिवसासाठी असे दोन असतात. अर्धा दिवस म्हणजे चार तास आणि पूर्ण दिवस म्हणजे आठ तास. हे तास कधीपासून मोजायचे, यावरून सर्वाधिक खटके उडतात. आयोजकांच्या मते कार्यक्रम दहाला सुरू झाला. संस्थेच्या मते फलक लावण्यासाठी दार आठ वाजता उघडले. आमच्या मते दार उघडल्यापासून किल्ली परत करेपर्यंतचा वेळ धरणे हाच सरळ हिशेब आहे, कारण त्या वेळात दुसऱ्या कुणाला सभागृह देता येत नाही आणि संस्थेचा शिपाई तेथे थांबलेला असतो. मात्र तसे असेल तर ते अर्जावर छापलेले असावे. आणि मांडामांडीसाठी अर्धा तास आधी व आवराआवरीसाठी अर्धा तास नंतर विनामूल्य द्यावा, म्हणजे कुणी घाईने खुर्च्या फरफटत नेणार नाही.

वातानुकूलनाची वीज, जनरेटरचे डिझेल, प्रोजेक्टर व ध्वनिक्षेपक यांचा आकार कधी भाड्यात असतो, कधी वेगळा. विजेसाठी आम्हाला सर्वांत निर्विवाद पद्धत दिसली ती मीटरची : सभागृहाला स्वतंत्र मीटर असेल तर प्रारंभी व अखेरीस दोघांनी मिळून आकडा पाहायचा आणि तो अर्जाच्या मागे लिहायचा. सरसकट ‘वातानुकूलन रु. इतके’ असे घेतल्यास डिसेंबरात दोन तास यंत्र लावणारा मंडळी मे महिन्यात दिवसभर लावणाऱ्यांचे बिल भरतात.

सवलतीविषयी एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. धर्मग्रामाच्या संघटनांना, इतर सेवाभावी संस्थांना व व्यापारी कंपन्यांना वेगवेगळे दर असणे योग्यच आहे. परंतु ‘फादरांनी सांगितले आहे, निम्मे घ्या’ हा दर कुठल्याही तक्त्यात बसत नाही. कॅनन कायद्याच्या १२८४ व्या नियमानुसार ख्रिस्तसभेच्या मालमत्तेचे व्यवस्थापन पाहणाऱ्याने चांगल्या कुटुंबप्रमुखाच्या दक्षतेने ते पाहावयाचे असते, मालमत्तेची हानी होणार नाही याची काळजी घ्यावयाची असते आणि जमाखर्चाच्या वह्या व्यवस्थित ठेवावयाच्या असतात. सवलत देणे हा व्यवस्थापकाचा अधिकार असू शकतो. ती लेखी देणे आणि पावतीवर मूळ दर व सवलत दोन्ही दाखविणे हे त्याचे कर्तव्य आहे. तोंडी सवलतीचा त्रास आम्हा धर्मगुरूंनाच पुढे होतो, हे अनुभवाने सांगतो.

वस्तू व सेवा कराविषयी बराच गैरसमज आढळतो. ‘चर्चचे सभागृह, त्याला कर कसला?’ असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. २०१७ मध्ये हा कर आला तेव्हाच्या सवलतीच्या अधिसूचनेत एक नोंद आहे. सर्वसाधारण जनतेसाठी असलेल्या धार्मिक स्थळाच्या आवारातील जागा भाड्याने देणे, ती धर्मादाय म्हणून आयकर विभागाकडे नोंदणी झालेल्या संस्थेच्या मालकीची असल्यास, करमुक्त आहे. मात्र सभागृह, मंगल कार्यालय किंवा मोकळी जागा यांचे भाडे दिवसाला १०,००० रुपये किंवा अधिक असेल तर ही सवलत मिळत नाही. येथे ‘धार्मिक स्थळ’ म्हणजे मुख्यतः प्रार्थनेसाठी वा उपासनेसाठी असलेली जागा. चर्चच्या आवारातील सभागृह आणि चार किलोमीटरवर असलेल्या प्रशिक्षण संस्थेचे सभागृह यांत म्हणूनच फरक पडतो. दुसऱ्याला केवळ ‘संस्था धर्मप्रांताची आहे’ म्हणून सवलत गृहीत धरता येत नाही. अर्थात ज्या संस्थेची वार्षिक उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली आहे (महाराष्ट्रात सेवांसाठी ती २० लाख रुपये आहे) तिने कर आकारायचाच नसतो. नोंदणी नसताना पावतीवर ‘कर’ म्हणून रक्कम घेतलेली दिसली तर अवश्य विचारावे. संस्थाचालकांनी आपल्या सनदी लेखापालांकडून हे एकदा लेखी घ्यावे.

या कायद्यातही आगाऊ रक्कम आणि अनामत यांत भेद केलेला आहे, ही बाब आमच्या विषयाला फार उपयुक्त आहे. नोंदणीकृत संस्थेने सेवेपोटी आगाऊ रक्कम घेतली की त्यावर कराची जबाबदारी त्याच वेळी येते. अनामतीचे तसे नाही : जोवर संस्था ती रक्कम मोबदला म्हणून वळती करून घेत नाही, तोवर ती मोबदला समजली जात नाही. दोन्ही रकमा एका ओळीत लिहिणारी संस्था आपल्या हिशेबनिसालाही कोड्यात टाकते.

आता आरक्षण रद्द करण्याकडे येऊ. भगिनींचा प्रश्न तेथेच आहे.

बहुतेक संस्थांच्या नियमांत एक उतरंड असते. उदाहरणादाखल अशी धरू : कार्यक्रमाच्या तीस दिवस आधी कळविल्यास ३०० रुपये कार्यालयीन खर्च वजा करून सर्व परत, तीस ते पंधरा दिवसांत भाड्याच्या २५ टक्के कपात, पंधरापेक्षा कमी दिवस उरले असता ५० टक्के, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी पूर्ण भाडे. टक्के कशाचे, हे लिहिणे येथे अत्यावश्यक आहे. त्या मंडळाचे पूर्ण भाडे ६,००० रुपये ठरले होते. आरक्षणाच्या वेळी त्यातील निम्मे, म्हणजे ३,००० रुपये आगाऊ आणि ३,००० रुपये अनामत असे ६,००० भरले गेले होते. योगायोगाने दोन्ही आकडे सारखे आल्यामुळे गोंधळ आणखी वाढला. ‘५० टक्के’ हे भाड्याचे धरले तर ३,००० रुपये कपात, म्हणजे सर्व आगाऊ रक्कम गेली व अनामत ३,००० परत. आगाऊ रकमेचे धरले तर कपात १,५०० आणि परत ४,५००. लिपिकाने भरलेल्या सर्व रकमेचे ५० टक्के धरले, म्हणजे अनामतही निम्मी कापली. त्यांचे उत्तर पहिल्या हिशेबाशी जुळले ते केवळ योगायोगाने. समजा अनामत ५,००० असती, तर त्याच पद्धतीने त्यांनी ८,००० रुपयांतून ४,००० कापले असते, आणि त्याला कोणताच आधार नव्हता. न झालेल्या कार्यक्रमात काहीही मोडत नाही, म्हणून अनामतीला हात लावता येत नाही.

फलकावरची भाषा संदिग्ध असेल तर तिचा अर्थ ती लिहिणाऱ्याच्या विरुद्ध घ्यावा, असे न्यायालये सामान्यतः मानतात. तेवढ्यावर भगिनींची बाजू सरस ठरते. परंतु येथे आणखी एक मुद्दा होता, जो कुणीच उपस्थित केला नव्हता. त्या रिकाम्या झालेल्या तारखेला संस्थेने सभागृह दुसऱ्या एका गटाला, तेही सवलतीशिवाय पूर्ण दराने दिले होते.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७४ येथे लागू होते. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असे आधीच ठरलेले असले, तरी ती रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात स्पष्ट केले की हानी झालेली असणे ही या कलमाची पूर्वअट आहे. ती मोजणे कठीण असेल तर आधी ठरलेली वाजवी रक्कम घेता येते. पण हानी झालीच नसेल तर भरपाईही नाही. सभागृहाच्या बाबतीत हानी म्हणजे काय? तुमच्यासाठी राखलेली तारीख दुसऱ्याला नाकारली गेली आणि नंतर ती रिकामी गेली, ही हानी. जितके उशिरा कळवाल तितकी ती तारीख पुन्हा जाण्याची शक्यता कमी, म्हणून उतरंड न्याय्य आहे. परंतु तारीख पुन्हा दिली गेली, तेवढ्याच किंवा अधिक भाड्याला दिली गेली, तर संस्थेची हानी उरते ती पावत्या बदलण्याच्या श्रमाची. म्हणून नियमांत एक वाक्य असावे : रद्द झालेली तारीख पुन्हा आरक्षित झाल्यास कार्यालयीन खर्च वजा जाता सर्व रक्कम परत केली जाईल. या न्यायाने मंडळाला ६,००० मधून ३०० वजा करून ५,७०० रुपये मिळावयास हवे होते. भगिनी स्वतः ४,५०० मागत होत्या.

कळविण्याची तारीख कोणती धरावी, हाही वादाचा विषय असतो. दूरध्वनीवरून ‘बहुतेक होणार नाही’ असे सांगणे म्हणजे रद्द करणे नव्हे. लेखी पत्र किंवा ई-मेल संस्थेला मिळाला तो दिवस धरावा, आणि संस्थेने त्याची पोच द्यावी. तारीख पुढे ढकलण्याची सोय एकदाच आणि ठरावीक मुदतीत असावी. अन्यथा काही मंडळी एकच आगाऊ रक्कम वर्षभर फिरवीत राहतात.

कुणाच्याही हातात नसलेल्या कारणांचे काय? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा अनेक ठिकाणी हा प्रश्न आला. सभागृहे बंद ठेवणे सक्तीचे होते; आयोजकांनी काही रद्द केले नव्हते. करार कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे नंतर अशक्य वा बेकायदेशीर झालेला करार शून्य ठरतो आणि कलम ६५ प्रमाणे अशा करारापोटी घेतलेला लाभ परत करावा लागतो. तेथे उतरंडीचे टक्के लागू होत नाहीत. संस्थेनेच आरक्षण रद्द केले तर सर्व रक्कम विनाकपात परत करणे ओघानेच आले. निवडणुकीच्या काळात हे घडू शकते : १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६० नुसार मतदान केंद्रासाठी शासन जागा अधिग्रहित करू शकते, आणि संस्थेला त्यात निवड नसते. म्हणून मतदानाच्या सुमारास शिबिर ठेवताना दुसरी तारीख मनाशी ठेवावी.

नुकसानीचा प्रश्न अधिक नाजूक असतो, कारण तो सहसा कार्यक्रम चांगला पार पडल्यानंतर, सगळे थकलेले असताना उद्भवतो. त्यावर उपाय एकच आहे आणि तो कार्यक्रमाच्या आधी करावयाचा असतो. सभागृह ताब्यात घेताना संस्थेचा माणूस व आयोजकांपैकी एक जण यांनी दहा मिनिटे एकत्र फिरावे : खुर्च्यांची संख्या, आधीच तुटलेल्या किती, ध्वनिक्षेपक चालू आहेत का, भिंतींवर कुठे पोपडे आहेत, प्रसाधनगृहातील नळ. एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढली तर फारच उत्तम. परत देताना तोच कागद हाती घेऊन पुन्हा फिरावे. असा कागद नसेल तर मोडलेली खुर्ची काल मोडली की गेल्या महिन्यात, हे सांगण्यास कुणीच समर्थ नसते, आणि मग ज्याच्या हातात अनामत त्याचे खरे ठरते.

नुकसान किती धरावे? येथे संस्थांकडूनच चूक होताना आम्ही पाहिली आहे. एक प्रसंग घेऊ. युवकांच्या कार्यक्रमात हाती धरायचा बिनतारी ध्वनिक्षेपक पडून निकामी झाला. संस्थेने तो चार वर्षांपूर्वी ८,००० रुपयांना घेतला होता. नवा घ्यावयाचा तर आज ११,००० लागतात. अनामत होती ५,०००. संस्थेने ती जप्त केली आणि वर ६,००० मागितले. कायद्याने भरपाई ही झालेल्या हानीची असते. युवकांनी मोडला तो चार वर्षे वापरलेला ध्वनिक्षेपक, नवा नव्हे. अशा यंत्राचे आयुष्य आठ वर्षे धरले तर त्याची निम्मी किंमत, म्हणजे ४,००० रुपये शिल्लक होती. प्रथम दुरुस्ती होते का ते पाहावे. येथे दुकानदाराने १,८०० रुपयांत दुरुस्तीचे अंदाजपत्रक दिले. दुरुस्ती आणि उरलेली किंमत यांपैकी जी कमी, ती नुकसानभरपाई : १,८०० रुपये. उरलेले ३,२०० रुपये दुकानाच्या बिलाच्या प्रतीसह परत द्यावेत. नुकसान खरोखरच अनामतीपेक्षा अधिक असेल तर वरची रक्कमही आयोजकांना द्यावी लागते, हे मात्र लक्षात ठेवावे. अनामत ही जबाबदारीची मर्यादा नाही.

रोजच्या वापराने होणारी झीज यात येत नाही. खुर्चीचे कापड विरले, जमिनीवर पावलांचे डाग पडले, तर तो सभागृह चालविण्याचा खर्च आहे व भाड्यात तो धरलेला असतो. दुहेरी चिकटपट्टीने फलक लावला आणि काढताना रंगाचे पापुद्रे निघाले, तर ते नुकसान होय. आपल्या संघटनांकडून सर्वाधिक होणारे नुकसान हेच असावे, असे आमचे निरीक्षण आहे. फलकासाठी भिंतीवर कायमचे आकडे किंवा दोरी असलेली पट्टी बसवून घेतली तर संस्थेचा रंगाचा खर्च वाचतो.

विजेचे नुकसान मात्र केवळ पैशांचे नसते. भिंतीवरील लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. २३० व्होल्टला त्यावर सुमारे १,३०० वॅटपर्यंतच भार घालता येतो. चहाचे विजेवर चालणारे मोठे भांडे सहज २,००० वॅटचे असते. चहावाला ते जोडपट्टी लावून लहान सॉकेटला जोडतो, शेजारीच सजावटीचे दिवे लागतात, आणि तासाभराने प्लग गरम होतो. प्लॅस्टिक जळल्याचा वास, सॉकेटभोवती तपकिरी डाग, दिव्यांचे फडफडणे ही चिन्हे दिसताच मुख्य कळ बंद करून संस्थेच्या माणसाला बोलवावे. वारंवार पडणारी सुरक्षा-कळ पुन्हा पुन्हा वर करणारा स्वयंसेवक हा कार्यक्रमातील सर्वांत धोकादायक मनुष्य असतो. अशी भांडी व गरम पेट्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावाव्यात. ती कुठे आहेत हे ताबा घेतानाच विचारून ठेवावे.

सजावटवाल्याने किंवा भोजनवाल्याने केलेल्या नुकसानीला संस्थेपुढे उत्तरदायी कोण? ज्याने अर्जावर सही केली तो. सजावटवाल्याकडून वसूल करणे हा त्या दोघांमधील प्रश्न राहतो. येथे आमच्या संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना एक सूचना करावीशी वाटते. नोंदणी नसलेले मंडळ कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती नसते. ‘महिला मंडळाकरिता’ असे लिहून सही करणारी भगिनी प्रत्यक्षात स्वतःवर जबाबदारी घेत असते. म्हणून सही करण्यापूर्वी मंडळाच्या सभेत ठराव करून घ्यावा की भाडे व संभाव्य नुकसान मंडळाच्या निधीतून दिले जाईल. एकटीच्या घरी मागणीपत्र येऊ नये, एवढीच त्यामागील भावना आहे.

वर्तनाच्या नियमांपैकी पुष्कळसे सुज्ञांस सांगावे लागत नाहीत : मद्यपान व धूम्रपान नाही, उरलेले अन्न आवारात टाकावयाचे नाही. दोन गोष्टींचे कारण मात्र सांगतो. दीडशे आसनांच्या सभागृहात बाहेरून पन्नास खुर्च्या आणून मधल्या वाटेत मांडण्याचा आग्रह धरला जातो. ती वाट आणि मागचे दार आणीबाणीत बाहेर पडण्यासाठी आहेत. संख्येची मर्यादा खुर्च्यांवर ठरत नाही, त्या वाटांवर ठरते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकास बंदी आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या लोकांना ऐकू यावे एवढ्यापुरती त्यात सूट आहे. खिडक्या उघड्या ठेवून किंवा एक कर्णा अंगणात लावून ती सूट घेता येत नाही.

दुसरी गोष्ट राजकीय सभांची. ‘उमेदवार आपलाच आहे, ख्रिस्ती आहे, तासभर बोलू द्या’ अशी विनंती निवडणुकीच्या काळात होते आणि नकार दिला की संस्थाचालक रागास पात्र होतात. हा नकार त्यांच्या मर्जीचा नाही. धार्मिक संस्थांच्या गैरवापरास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९८८ पासून अस्तित्वात आहे. धार्मिक संस्थेच्या मालकीची किंवा ताब्यातील जागा राजकीय कार्याच्या प्रचारासाठी वापरणे वा वापरू देणे त्याच्या कलम ३ ने निषिद्ध केले आहे, आणि उल्लंघन झाल्यास संस्थेच्या व्यवस्थापकाला कारावासाची तरतूद आहे. मतदार जागृतीचे शिबिर आणि एका पक्षाची सभा यांतील रेषा अर्जातील ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ या रकान्यातूनच ओळखावी लागते. म्हणून तो रकाना ‘सभा’ असा एका शब्दात भरलेला असल्यास अर्ज परत पाठवावा.

महिला मंडळाच्या प्रकरणात संस्थेच्या संचालकांनी सर्व कागद पाहिले आणि उरलेले २,७०० रुपये धनादेशाने परत पाठविले. लिपिकाला त्यांनी बोल लावला नाही. फलक त्यांच्या आधीपासून तसाच होता. संस्थेच्या नव्या पावतीपुस्तकात आता भाडे, आगाऊ व अनामत असे तीन स्वतंत्र रकाने छापलेले आहेत, आणि पावतीच्या मागील बाजूस रद्द करण्याची उतरंड ‘पूर्ण भाड्याच्या इतके टक्के’ अशा शब्दांत दिलेली आहे. मंडळाचे राहिलेले शिबिर त्याच सभागृहात घेण्यात आले.